दर झोक्याला 4% कमी, मग 25 झोक्यांनंतर किती उरेल?

सड्यावरचा | रात्री 9:42

भाचा बारावीला आहे, रत्नागिरीत आमच्याकडेच राहतो. क्लासच्या सराव-संचातला एक प्रश्न घेऊन आला आणि आमच्या घरात दोन तट पडले. प्रश्न असा:

एका दोलकाचा आयाम दर आवर्तनाला आधीच्या आयामाच्या 4% ने कमी होतो. 25 आवर्तनांनंतर सुरुवातीच्या ऊर्जेच्या किती टक्के ऊर्जा उरेल? (अ) शून्य (ब) 13 (क) 36 (ड) 60

भाच्याने तोंडी केलं: 25 गुणिले 4 म्हणजे 100, सगळं संपलं, उत्तर (अ). माझं म्हणणं (क). उत्तरसूचीत (ब) आहे, पण कसं ते दिलेलं नाही. ओटीवर झोपाळा आहे, त्याला ढकलून पाहिलं तर पंचवीस झोक्यांनंतरही तो हलतच होता. म्हणजे (अ) तर नक्कीच नाही. पण 13 कुठून आले?

---

कोकम_सरबत | रात्री 9:51

आमच्या पगाराचं असंच आहे. दर आठवड्याला थोडा कमी होतो आणि 25 तारखेला उत्तर (अ).

---

पुणेरी_जावई | रात्री 10:03

सोपं आहे हो. आयाम 4% कमी झाला की ऊर्जा 8% कमी होते, कारण ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दर झोक्याला 92% उरते. 0.92 चा 25 वा घात काढा, 12.4 येतात. जवळचा पर्याय 13. काम फत्ते.

(सासुरवाडी दापोली, त्यामुळे इथे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.)

---

निवृत्त_मास्तरीण | रात्री 10:30

जावईबापू, रस्ता बरोबर आहे, पण 8 म्हणून जे गोल केलंत ते पंचवीस वेळा गुणलं जातं. 0.96 चा वर्ग 0.9216. म्हणजे ऊर्जा 8 नव्हे, 7.84 टक्क्यांनी कमी होते. एका झोक्यात हा फरक कुणाला दिसणारही नाही, पंचविसाव्या झोक्याला मात्र 12.4 आणि 13.0 एवढं अंतर पडतं. इथे पर्याय लांब लांब होते म्हणून निभावलं. एखाद्या पेपरात 12.4 आणि 13 शेजारी शेजारी दिले तर?

सड्यावरचा, तुमचे 36 हेसुद्धा खरेच आहेत, फक्त ते आयामाचे आहेत. विचारली होती ऊर्जा. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून भाच्याला असं करायला सांगा: 0.96 चा वर्ग 0.9216, त्याचा वर्ग 0.849, त्याचा वर्ग 0.721, त्याचा वर्ग 0.520. हा झाला सोळावा घात. त्याला आठव्या घाताने गुणलं की चोविसावा, 0.375. आणखी एकदा 0.96 ने गुणलं की 0.360. आता याचा वर्ग, 0.13. सहा-सात गुणाकार, कागदाच्या कोपऱ्यात मावतात.

वर्ग का, हे तुमच्या झोपाळ्यावरच बघा. आढ्याच्या कडीपासून फळीपर्यंत अडीच मीटर धरू. 40 सेंटिमीटर बाजूला ओढला तर फळी वर किती उचलली जाते? जेमतेम 3.2 सेंटिमीटर. आता 20 सेंटिमीटरच ओढा. उचल निम्मी, म्हणजे 1.6, व्हायला हवी असं वाटतं, पण होते फक्त 0.8. टोकाला झोपाळा क्षणभर थांबतो तेव्हा त्याची सगळी ऊर्जा त्या उचलीत असते. पंचवीस झोक्यांनंतर तुमचा झोपाळा 14.4 सेंटिमीटरपर्यंत जाईल आणि फळी जेमतेम 4 मिलिमीटर उचलली जाईल. 32 मिलिमीटरचे 4 झाले, म्हणजे तुमचे 13 टक्के.

---

मालवणी_माणूस | रात्री 10:41

तुमी एवढो हिशेब कित्याक करतास? झोपाळो लवकर थांबता तो कड्यांका तेल नसला म्हणान. खोबरेल घाला, नायतर गिरीस मारा. पंचवीस काय, शंभर झोके घेतलो. आमच्या आज्याचो झोपाळो एकदा ढकललो की आजी जेवान वाढून येय सर हलत र्‍हवायचो.

---

कोकम_सरबत | रात्री 10:44

आजीने नुसता भात वाढला की अख्खी पंगत?

---

सड्यावरचा | रात्री 10:58

बाई, धन्यवाद. उचलीचा हिशेब भाच्याला एकदम पटला. पण आता तो वेगळंच विचारतोय: दर वेळी उरलेल्याच्या 4% जात असतील तर झोपाळा कधी थांबणारच नाही ना? थोडं ना थोडं उरणारच.

---

पुणेरी_जावई | रात्री 11:05

गणितात थांबत नाही. पण डोळ्याला थांबल्यासारखा दिसतो. 40 सेंटिमीटरचा 1 मिलिमीटर व्हायला, म्हणजे चारशेपट कमी व्हायला, किती झोके लागतील ते काढा. लॉग घेऊन माझे 147 आले. अडीच मीटरच्या झोपाळ्याला एक पूर्ण झोका 3.2 सेकंदांच्या आसपास लागतो, म्हणजे पावणेआठ मिनिटं. तोवर आजीचं वाढून होतं.

---

गुहागरकर_नाना | सकाळी 7:15

सगळं वाचलं. कागदावर ठीक आहे, पण आमचा झोपाळा 4 टक्के, 5 टक्के असलं काही मानत नाही. काल रात्री झोप येईना म्हणून मोजून काढलं. पडवीत फळीखाली जमिनीवर मोजपट्टी चिकटवली आणि फोन स्टुलावर टेकवून चित्रीकरण केलं. 40 सेंटिमीटरवर सोडला. ढकलला नाही, नुसता हात काढला. दर पाच पूर्ण झोक्यांनी एकाच बाजूचं टोक वाचलं:

40, 33, 26.5, 20.5, 14.5, 8.5

आणि तिशी ओलांडल्यावर चक्क थांबला. हळूहळू विरला नाही, थांबला. मग तुमच्या त्या ‘कधीच थांबत नाही’चं काय?

---

पुणेरी_जावई | सकाळी 8:20

नाना, मोजण्यात चूक झाली असेल. पहिल्या पाच झोक्यांत 40 चे 33, म्हणजे 0.825. तोच भागाकार पाचदा लावला तर पंचविसाव्या झोक्याला 15 सेंटिमीटर यायला हवेत. तुमचे 8.5. एवढा फरक म्हणजे कुठेतरी झोके मोजायचे राहिले. किंवा अर्धे झोके पूर्ण धरलेत. तसं केलं की सगळंच बिघडतं.

---

गुहागरकर_नाना | सकाळी 8:34

पोस्टात नोकरी केली आहे, मोजायला शिकवू नका. चित्रफीत आहे.

---

निवृत्त_मास्तरीण | सकाळी 9:10

नानांचे आकडे मला तरी चोख वाटतात. भागाकार करण्याआधी वजाबाकी करून बघा. 40 वरून 33, सात गेले. मग साडेसहा, मग सहा, सहा, सहा. जवळजवळ ठरावीक तुकडा जातोय, ठरावीक टक्का नव्हे. भागाकार केलात तर ते खाली घसरताना दिसतील: 0.83, 0.80, 0.77, 0.71, 0.59.

अशी घसरण दिसली की समजायचं, कडीत लोखंडावर लोखंड कोरडं घासतंय. कोरडं घर्षण वेग बघत नाही. झोका मोठा असो की छोटा, त्याचा जोर तेवढाच. दर झोक्याला ते जेवढं काम खातं ते फक्त किती अंतर घासलं यावर ठरतं, म्हणजे झोक्याच्या लांबीवर. झोपाळ्याकडे ऊर्जा असते लांबीच्या वर्गाइतकी. वर्गातून लांबीएवढी ऊर्जा गेली की आयामातून ठरावीक सेंटिमीटर जातात. शेवटी झोका इतका लहान होतो की गुरुत्वाची ओढ त्या घर्षणाला हलवू शकत नाही, आणि झोपाळा तिथेच अडकतो. क्वचित बरोबर मधोमध न थांबता जरा बाजूलाही थांबतो.

टक्का ठरावीक राहायचा तर विरोध वेगाच्या प्रमाणात वाढायला हवा. मोठ्या झोक्यात वेग जास्त, म्हणून जोर जास्त, आणि अंतरही जास्त. दोन्ही मिळून ऊर्जेचं नुकसान लांबीच्या वर्गाइतकं होतं, म्हणून दर वेळी तोच हिस्सा जातो. प्रश्नात ‘दर आवर्तनाला 4%’ म्हटलं की हे सगळं गृहीत धरलेलं असतं.

थोडक्यात, भाच्याने 25 गुणिले 4 केलं ते नानांच्या गंजलेल्या कडीसाठी शोभलं असतं. क्लासच्या प्रश्नाला नाही.

---

मालवणी_माणूस | सकाळी 9:32

मगे मी काय सांगी होतंय? तेल घाला!

---

कोकम_सरबत | सकाळी 9:35

अख्ख्या धाग्यात एकच माणूस बरोबर निघाला, आणि त्याने प्रश्न वाचलेलाच नव्हता.

---

तांडेल72 | सकाळी 11:48

समुद्रावरचं सांगतो. मी होड्या बांधणाऱ्यांकडे बरीच वर्षं काढली, नंतर बोटीवर. नवीन बोट पाण्यात उतरवली की धक्क्याजवळच्या शांत पाण्यात ती किती डुलते आणि किती वेळात स्थिरावते ते बघायचो. चार-पाच जण एका कडेला उभे राहून ताल धरून बोट हलवतात, मग सगळे एकदम मधे येऊन गप्प बसतात. बोट आपली आपण डुलत राहते आणि आम्ही कोन वाचतो. एका बोटीचे अंश मला अजून आठवतात, दर पूर्ण हेलकाव्याचे:

12, 8.9, 7, 5.7, 4.8, 4

यात नानांच्या उलटं आहे. सुरुवातीला चौथ्या हिश्श्याहून जास्त गेलं, शेवटी शेवटी सहावा हिस्सा. पहिला हेलकावा बघून कुणी म्हणालं की बोट 74% धरून ठेवते आणि पाच वेळा गुणलं, तर 2.7 अंश येतील. उरले होते 4. ऊर्जेत तर फरक आणखी मोठा: हिशेबाने 5%, प्रत्यक्षात 11%. हा फरक तुमच्या झोपाळ्याला चालेल. बोटीवर माणसं उभी राहून जाळं ओढत असतात, तिथे चालत नाही.

कारण पाणी. जोरात डुलताना तळाच्या कडेला भोवरे उठतात, हळू डुलताना उठत नाहीत. म्हणून मोठ्या बोटींना तळाच्या दोन्ही वळणांवर लांब पट्ट्या मारतात, भोवरे मुद्दाम वाढवायला. आमच्या उलांडीच्या होडीला असली चाचणी कोण घेणार? हेलकावा मोजायला लागेपर्यंत ती गप्प.

---

निवृत्त_मास्तरीण | दुपारी 1:05

वा, तांडेलदादा. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूडने जहाजांच्या डुलण्यावर 1861 मध्ये निबंध वाचला होता. पुढे त्याने हेच केलं: जहाज डुलवायचं, सोडायचं, दर हेलकाव्याला किती अंश गेले ते मांडायचं. त्याने त्या नुकसानीचे दोन भाग केले, एक कोनाच्या प्रमाणात आणि दुसरा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात. तुमचे आकडे त्यात जवळपास बसतात. दर हेलकाव्याला कोनाच्या 8%, आणि वर कोनाच्या वर्गाला 0.015 ने गुणून येईल तेवढे अंश. 12 अंशांवर पहिला भाग जेमतेम 1 अंश खातो आणि दुसरा 2 हून जास्त. 4 अंशांवर उलटं होतं, वर्गाचा भाग मागे पडतो.

---

पुणेरी_जावई | दुपारी 1:40

म्हणजे सलग भागाकार घसरत गेले तर कोरडं घर्षण, चढत गेले तर भोवरे, आणि एका जागी राहिले तरच क्लासचं सूत्र. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोन आकडे घ्यायचो, भागायचो आणि घात चढवायचो.

तरी माझा मुद्दा राहतोच. नानांनी एकाच बाजूचं टोक वाचलं. दोन्ही बाजू वाचून प्रत्येक टोकाला ‘एक’ मोजणारे खूप असतात. अशा माणसाने पंचवीस पूर्ण झोक्यांचे पन्नास धरले आणि तेच 4% लावले तर आयामच 13% येतो. नेमका ऊर्जेचा आकडा! पर्यायात 13 दिसतो, माणूस खूश होतो आणि चुकलंय हे कधी कळतच नाही.

---

गुहागरकर_नाना | संध्याकाळी 6:20

मालवणी माणसाचं ऐकलं. शिडी लावून दोन्ही कड्या काढल्या. डावीकडच्या कडीत आकड्याच्या पोटाला खोलगट खाच पडली होती आणि तिच्यात तांबडी पूड भरली होती. खारी हवा, दुसरं काय. कानस मारली, रॉकेलने धुतली, ग्रीस भरलं, परत टांगली. तसंच 40 वर सोडून पुन्हा वाचलं:

40, 33.5, 28, 23.5, 19.5, 16.5

मास्तरीणबाईंच्या पद्धतीने भागाकार: 0.84, 0.84, 0.84, 0.83, 0.85. म्हणजे दर झोक्याला साधारण साडेतीन टक्के. 0.965 चा 25 वा घात 0.41, त्याने 16.4 येतात, मी वाचले 16.5. ऊर्जा 17% उरली. कालच्या गंजात साडेचार टक्के उरली होती.

पहिल्या पाच झोक्यांत मात्र काल 33 आणि आज 33.5. एवढ्यावरून कुणालाही वाटलं असतं की तेलाने काही झालंच नाही.

---

मालवणी_माणूस | संध्याकाळी 6:31

नानानु, आता माका जेवक बोलवा.

---

तांडेल72 | रात्री 8:02

बाईंना एक विचारतो. झोपाळा हवेत हलतो, बोट पाण्यात. हवेतसुद्धा फळीच्या मागे भोवरे उठतच असतील की. मग ग्रीस भरल्यावर नानांचे भागाकार चढायला हवे होते, आमच्या बोटीसारखे. ते एका जागी कसे राहिले?

---

निवृत्त_मास्तरीण | रात्री 9:15

बरोबर पकडलंत. फळीसारख्या रुंद वस्तूला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाकडेच झुकतो, तेव्हा भागाकार वर चढायला हवेत. पण ग्रीस भरलं तरी कडीत थोडं कोरडं घर्षण उरतंच, आणि ते भागाकारांना खाली ओढतं. माझा अंदाज असा की 40 ते 16 सेंटिमीटरच्या पट्ट्यात दोन्ही एकमेकांना बरंचसं खोडतात आणि प्रमाण स्थिर असल्यासारखं दिसतं. खरं असेल तर 10 सेंटिमीटरच्या खाली भागाकार पुन्हा घसरताना दिसतील. पण तिथे नानांच्या पट्टीवरची अर्धा सेंटिमीटरची चूकच मोठी ठरते, त्यामुळे इतक्यावरून ठाम सांगता येणार नाही. शेवटचा 0.85 सुद्धा तेवढ्याच चुकीचा असू शकतो.

---

पुणेरी_जावई | रात्री 9:28

फळीवर तांदळाचं पोतं ठेवा. वजन वाढलं की हवेचा परिणाम कमी होईल आणि झोपाळा जास्त वेळ हलेल.

---

निवृत्त_मास्तरीण | रात्री 9:36

हवेपुरतं बरोबर. पण कडीवरचा भार वाढला की तिथलं कोरडं घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे ठरावीक तुकडा जवळजवळ तेवढाच राहतो. हवा खरंच मोठी असेल तर पोत्याने फरक दिसेल, कडी मोठी असेल तर फारसा दिसणार नाही. उलट त्यावरूनच कळेल कोण जास्त खातंय ते. पोतं फळीला घट्ट बांधा आणि फळीपासून वर फार येऊ देऊ नका, नाहीतर झोपाळ्याची परिणामी लांबी बदलेल.

---

सड्यावरचा | रात्री 10:10

धागा कुठून कुठे गेला! भाचा सगळं वाचतोय. त्याच संचातला पुढचा प्रश्न त्याने स्वतः सोडवला, बरोबर आहे का बघा: 10 आवर्तनांत आयाम निम्मा होतो, तर 40 आवर्तनांनंतर ऊर्जा किती? त्याचं उत्तर: दहा-दहाचे चार टप्पे, आयाम सोळावा हिस्सा, ऊर्जा 256 वा हिस्सा. टक्का काढायची गरजच पडली नाही.

---

निवृत्त_मास्तरीण | रात्री 10:14

बरोबर.

---

गुहागरकर_नाना | रात्री 10:22

पोतं आहे, उकड्या तांदळाचं, 30 किलोचं. पण घरातून परवानगी मिळायची आहे. शिडी अजून पडवीतच आहे, त्यावरून आधीच बोलणं झालंय.